गाउटची गोळी आणि हृदयविकाराचा झटका

युरिक अ‍ॅसिड वाढून रात्रीत पायाचा अंगठा लाल होतो, सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, तेव्हा डॉक्टर जी जुनी गोळी लिहून देतात तिचं नाव कोल्चिसिन. मेडिकलमध्ये ती अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते आणि तिची किंमतही किरकोळ असते. तिचं मूळ वनस्पतींत आहे. युरोपात ती शरद ऋतूत फुलणाऱ्या एका जांभळ्या फुलाच्या कंदातून काढत. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणात कुंपणांवर चढणाऱ्या लाल-पिवळ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असतं. तमिळनाडूतले शेतकरी औषध कंपन्यांसाठी कळलावीची शेती करतात ती या बियांसाठीच. कळलावीचा कंद विषारी असतो हे खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, आणि ते विष मुख्यतः कोल्चिसिनचंच.

जून 2023मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीला हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि तत्सम घटना टाळण्यासाठी मंजुरी दिली. दाह कमी करून हृदय वाचवण्यासाठी मंजूर झालेलं हे पहिलंच औषध. त्यानंतर जेमतेम सोळा महिन्यांनी, ऑक्टोबर 2024मध्ये, वॉशिंग्टनच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत सात हजार रुग्णांवरच्या एका चाचणीचा निष्कर्ष वाचला गेला: झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनने काहीच फरक पडला नाही. आधीच्या दोन मोठ्या चाचण्या एक सांगत होत्या, तिसरी भलतंच सांगू लागली. हे असं का झालं हे समजून घेतलं, की ‘एचएस-सीआरपी’ ही रक्तचाचणी करून घ्यायची की नाही आणि तिचा आकडा आला तर त्याचं काय करायचं, हेही बरंचसं उलगडतं.

सुरुवात रक्तवाहिनीपासून करायला हवी. हृदयाच्या रोहिणीत कोलेस्टेरॉल साचतं एवढं आता सगळ्यांना माहीत आहे. पण ते नळात गाळ बसावा तसं निर्जीव बसून राहत नाही. भिंतीच्या आत शिरलेलं कोलेस्टेरॉल शरीराला परकं वाटतं, पांढऱ्या पेशी ते गिळायला येतात, गिळता गिळता फुगतात, मरतात, आणि त्यांच्या आत कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक तयार होतात. हे स्फटिक पेशीतली एक धोक्याची यंत्रणा चालू करतात. तिच्यातून इंटरल्युकिन-1 बीटा नावाचा रासायनिक संदेश सुटतो, त्यातून इंटरल्युकिन-6, आणि हा दुसरा संदेश रक्तातून यकृतापर्यंत पोचला की यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, बनवू लागतं. इकडे रोहिणीतल्या गाठीवरचं पातळ आवरण दाहामुळे कमकुवत होतं. ते फाटलं की रक्त गोठतं, वाट बंद होते आणि झटका येतो. म्हणूनच अवघा चाळीस टक्के अडथळा असलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो, तर सत्तर टक्के अडथळ्याचा माणूस वर्षानुवर्षं जिने चढत राहतो.

सीआरपीचा शोध 1930चा, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लागलेला. पुढे अनेक वर्षं ती फक्त संसर्ग ओळखायची चाचणी होती. 1997मध्ये बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी अमेरिकन डॉक्टरांवरच्या एका जुन्या अभ्यासातले साठवलेले रक्तनमुने काढून तपासले. नमुने दिले तेव्हा हे डॉक्टर ठणठणीत होते, पण ज्यांचं सीआरपी थोडंसं वाढलेलं होतं त्यांना पुढच्या वर्षांत झटके जास्त आले होते. ही वाढ संसर्गातल्या वाढीच्या मानाने अगदी क्षुल्लक असते, नेहमीच्या चाचणीत ती पकडताही येत नाही. म्हणून अतिसंवेदनशील पद्धत आली, तीच एचएस-सीआरपी. एक लिटर रक्तात एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर धोका कमी, एक ते तीनमध्ये मध्यम, तीनच्या वर जास्त, असे ढोबळ टप्पे 2003मध्ये ठरले आणि अजून तेच वापरात आहेत.

मग सीआरपी हाच गुन्हेगार का? इथे अनुवंशशास्त्राने फार मोलाचं काम केलं. काही लोकांच्या जनुकांतच असा फरक असतो की त्यांचं सीआरपी जन्मभर थोडं जास्त राहतं. सीआरपी स्वतः रोहिण्या बिघडवत असतं, तर या लोकांना झटके जास्त यायला हवे होते. तसं दिसलं नाही. उलट इंटरल्युकिन-6चा संदेश जन्मतःच थोडा मंद असलेल्या लोकांना हृदयविकार कमी होतो, असं 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे दोष वरच्या साखळीत आहे. सीआरपी हा तापमापीतला पारा. तो खाली झटकल्याने ताप उतरत नाही. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवली तर पुढच्या सगळ्या चाचण्यांचा अर्थ लावणं सोपं जातं.

साखळीवर घाव घालून खरंच झटके कमी होतात का, याचं पहिलं स्वच्छ उत्तर 2017मध्ये ‘कॅन्टोस’ या चाचणीने दिलं. आधी झटका येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी दोन किंवा त्याहून जास्त असलेले दहा हजारांवर रुग्ण घेतले. काहींना दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅब हे इंटरल्युकिन-1 बीटा अडवणारं इंजेक्शन दिलं, काहींना नुसतं पाण्यासारखं निष्प्रभ इंजेक्शन. कोलेस्टेरॉलला या औषधाने हातही लावला नाही, तरी मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी घटलं. दाहाची उपपत्ती पास झाली. औषध मात्र नापास झालं: जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, किंमत डोळे पांढरे करणारी होती. अमेरिकेने 2018मध्ये हृदयासाठी त्याला परवानगी नाकारली.

पाठोपाठ मेथोट्रेक्सेटची चाचणी आली. संधिवातात वर्षानुवर्षं वापरलं जाणारं, स्वस्त, दाह कमी करणारं औषध. त्याने ना इंटरल्युकिन कमी झाले, ना सीआरपी, ना झटके. यातून एक शिकायला मिळालं की ‘दाहशामक’ असा शिक्का असलेलं कुठलंही औषध चालत नाही. घाव नेमक्या साखळीवरच बसावा लागतो.

कोल्चिसिन तिथे बसतं, असा अंदाज होता. पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या असतात. पांढरी पेशी हलते, आकार बदलते, रसायनं बाहेर टाकते ती या नळ्यांच्या आधाराने. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटून या नळ्या बनू देत नाही. पेशी सुस्तावतात आणि स्फटिकांमुळे चालू होणारी ती धोक्याची यंत्रणाही मंदावते. गाउटमध्ये स्फटिक युरिक अ‍ॅसिडचे, रोहिणीत कोलेस्टेरॉलचे, यंत्रणा तीच. गाउटसाठी कोल्चिसिन घेणाऱ्या रुग्णांत झटके कमी आढळतात, अशी नोंदही होती.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ मार्क निडॉर्फ यांनी 532 रुग्णांवर एक छोटी चाचणी करून 2013मध्ये ती प्रसिद्ध केली. फायदा इतका मोठा दिसला की कुणाचाच विश्वास बसेना, आणि ते योग्यच होतं, कारण त्या चाचणीत कोण गोळी घेतंय हे रुग्णांनाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. मग ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स मिळून ‘लोडोको-2’ ही पक्की चाचणी झाली. तिचा निकाल 2020चा. तो जरा सावकाश वाचण्यासारखा आहे.

या चाचणीतले 5522 रुग्ण ताज्या झटक्याचे नव्हते. रोहिण्यांचा आजार असलेले, पण किमान सहा महिने स्थिर असलेले हे लोक होते, आणि त्यांतले बहुतेक जण आधीच स्टॅटिन व रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. अर्ध्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन, अर्ध्यांना दिसायला तशीच निष्प्रभ गोळी. सरासरी अडीच वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. निष्प्रभ गोळीच्या गटात 9.6 टक्के लोकांना हृदयविकाराने मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा तातडीची अँजिओप्लास्टी-बायपास यांपैकी काही ना काही झालं. कोल्चिसिनच्या गटात 6.8 टक्क्यांना. बातमीत हे ‘31 टक्क्यांनी धोका कमी’ असं छापून आलं आणि ते खोटं नाही. पण घरातल्या माणसाला समजेल असा हिशोब वेगळा आहे. असे हजार रुग्ण अडीच वर्षं रोज गोळी घेतील, तर त्यांतल्या 28 जणांची एखादी गंभीर घटना टळेल. सुमारे 68 जणांना ती गोळी घेऊनही होईल. उरलेल्या नऊशे जणांना गोळी घेतली काय, न घेतली काय, या काळात काहीच झालं नसतं. छत्तीस जणांनी गोळी घ्यायची तेव्हा एकाचा फायदा. हृदयविकाराच्या औषधांमध्ये हा आकडा चांगलाच म्हणायचा.

पण या चाचणीत एक चाळणी होती. गट पाडण्यापूर्वी सगळ्यांना महिनाभर खरी गोळी देऊन बघितली. साडेसहा हजारांपैकी हजारभर लोक, म्हणजे जवळपास 15 टक्के, इथेच गळाले, त्यांतले बरेच पोटाच्या तक्रारीने. पुढे मोजले गेले ते गोळी पचवणारेच. त्यामुळे ‘लोडोको-2’मध्ये दुष्परिणाम कमी दिसले यात नवल नाही. शिवाय हृदयाखेरीज इतर कारणांनी झालेले मृत्यू कोल्चिसिनच्या गटात थोडे जास्त भरले. तो फरक योगायोगाचा असू शकत होता, पण त्याने अनेक डॉक्टरांचा हात आखडला.

त्याआधी 2019मध्ये माँट्रियलच्या ‘कोलकॉट’ चाचणीत झटका आल्यापासून महिन्याच्या आतले 4745 रुग्ण होते. तिथे 7.1 टक्क्यांचे 5.5 टक्के झाले. इथेही आत डोकावलं तर वेगळंच दिसतं. फायदा मुख्यतः पक्षाघात आणि छातीदुखीमुळे तातडीने भरती होणं यांत होता. नव्या झटक्यांचं प्रमाण 4.1वरून 3.8 एवढंच खाली आलं आणि मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. पुढच्या विश्लेषणात ज्यांना पहिल्या तीन दिवसांतच गोळी मिळाली त्यांना जास्त फायदा झाल्याचं दिसलं. ‘लवकर द्या’ हा सल्ला तिथून पसरला.

आणि नेमका तोच सल्ला तपासणारी चाचणी म्हणजे वॉशिंग्टनमध्ये वाचली गेलेली ‘क्लिअर’. कॅनडातल्या हॅमिल्टनचे संजित जॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा देशांतले 7062 रुग्ण घेतले. बहुतेकांना मोठा झटका येऊन अँजिओप्लास्टी झालेली होती आणि गोळी बहात्तर तासांच्या आत सुरू केली होती. तीन वर्षांनंतर कोल्चिसिनच्या गटात 9.1 टक्के घटना, निष्प्रभ गोळीच्या गटात 9.3 टक्के. हजारी हिशोबात दोनचा फरक, म्हणजे काहीच नाही. जुलाब मात्र 6.6ऐवजी 10.2 टक्के रुग्णांना झाले.

यातला सगळ्यात बोलका आकडा वेगळा आहे. तीन महिन्यांनंतर कोल्चिसिन घेणाऱ्यांचं सीआरपी दुसऱ्या गटापेक्षा लिटरमागे सुमारे 1.3 मिलिग्रॅमने कमी होतं. म्हणजे लोकांनी गोळी खाल्ली होती, गोळीने दाह कमी केला होता, पारा खाली आला होता. झटके मात्र कमी झाले नाहीत.

यावर खुलाशांचा पाऊस पडला. चाचणीचा मोठा भाग कोविडच्या काळात गेला; लोक दवाखान्यात जायला घाबरत होते, सौम्य घटनांची नोंदच झाली नसेल, असं काहींचं म्हणणं. सुमारे चौथाई रुग्णांनी मध्येच गोळी सोडली, असं इतरांचं. ताज्या झटक्यात हृदयाचा स्नायू बरा होण्यासाठी थोडा दाह हवाच असतो, तो दाबून काय मिळणार, हाही एक विचार. यातला शेवटचा मुद्दा जीवशास्त्राला धरून आहे, पण तो निकाल हाती आल्यानंतर मांडलेला आहे, आणि निकाल लागल्यावर सुचलेली कारणं बेताबेतानेच घ्यावीत. एक दिलासा मात्र ‘क्लिअर’ने दिला: हृदयाखेरीज इतर कारणांचे मृत्यू इथे कोल्चिसिनच्या गटात वाढले नाहीत, उलट थोडे कमीच होते.

मेंदूच्या बाजूलाही चित्र असंच धूसर. चीनमध्ये पक्षाघाताच्या आठ हजारांवर रुग्णांवर ‘चान्स-3’ ही चाचणी झाली. तिथे रुग्ण निवडतानाच एचएस-सीआरपी दोन किंवा त्यावर असण्याची अट होती, म्हणजे दाह असलेलेच लोक घेतले होते. नव्वद दिवसांत काही फरक पडला नाही. नव्वद दिवस कमी पडतात, हे खरं.

सगळ्या चाचण्या एकत्र करून 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात तीस हजारांवर रुग्ण होते. गंभीर घटनांमध्ये एकूण घट 12 टक्के निघाली. मृत्यूंमध्ये ठाम घट नाही. 31 टक्क्यांपासून सुरू झालेला प्रवास इथपर्यंत आला. युरोपच्या हृदयरोग संघटनेने 2024च्या मार्गदर्शनात, जुनाट आजार असलेल्या रुग्णांत या गोळीचा विचार करावा, असं बऱ्यापैकी भर देऊन म्हटलं आहे. अमेरिकन मार्गदर्शनातला सूर त्याहून हलका आहे. दोन्हीकडे जागा एकच: स्टॅटिन, रक्तदाब, तंबाखू, साखर हे सगळं हाताळून झाल्यावरची जास्तीची गोळी.

मग सीआरपीचं काय? सप्टेंबर 2025मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने कोलेस्टेरॉलबरोबर एचएस-सीआरपीही सर्रास तपासावं असं निवेदन काढलं. धोका सांगणारी चाचणी म्हणून त्याला भक्कम आधार आहे. सत्तावीस हजारांवर अमेरिकन महिलांचं रक्त एकदाच तपासून तीस वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा त्या एका आकड्यावरून पुढच्या घटनांचा अंदाज आला होता. 2008च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत कोलेस्टेरॉल बेताचं, पण एचएस-सीआरपी दोन किंवा त्यावर असलेल्या लोकांना स्टॅटिन दिल्यावर घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे आकडा वाढलेला दिसला तर स्टॅटिनचा विचार करायला पुरावा आहे. ‘आकडा वाढला म्हणून कोल्चिसिन’ या सल्ल्याला मात्र तो नाही. ‘लोडोको-2’, ‘कोलकॉट’, ‘क्लिअर’, या तिन्ही चाचण्यांत रुग्ण सीआरपी बघून निवडलेच नव्हते. हृदयाच्या बाबतीत ही जोडी लोकांनी मनातच जुळवली आहे.

आकडा वाचतानाही गफलती होतात. समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांनी तपासणीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी केली आणि 11 आला. घर हादरलं. विचारलं तर आठवड्यापूर्वी डेंगी होऊन गेलेला. दहाच्या वरचा आकडा हृदयाबद्दल काही सांगत नाही. तो बहुधा संसर्ग, सुजलेली हिरडी, सांधेदुखी किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांचा असतो. दोन-तीन आठवडे पूर्ण बरं वाटल्यावर चाचणी पुन्हा करायची. दुसऱ्यांदा 2.6 आला तर तो त्यांचा खरा आकडा मानता येईल. दुसरी गफलत एककाची. काही प्रयोगशाळा लिटरऐवजी डेसिलिटरमध्ये आकडा देतात. तिथला 0.26 म्हणजे लिटरमधला 2.6, दोन वेगळ्या ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून ‘दहा पटीने कमी झालं’ म्हणून आनंद करण्यात अर्थ नाही. तिसरी, साधं सीआरपी आणि एचएस-सीआरपी यांतला फरक. साध्या चाचणीत ‘पाचपेक्षा कमी’ असं लिहून आलं, तर त्यातून हृदयाच्या धोक्याबद्दल काहीच कळत नाही.

या गृहस्थांची रोहिणी कधी बंद झालेली नसेल, तर त्यांनी 2.6 घेऊन डॉक्टरांकडे जायचं ते स्टॅटिन, पोटाचा घेर आणि सिगारेट यांबद्दल बोलायला. त्यांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसला असेल, बाकी औषधं नीट चालू असतील आणि मूत्रपिंड धड असेल, तर कोल्चिसिनचा विषय काढणं रास्त आहे. परवाच झटका येऊन ते घरी आले असतील, तर ‘क्लिअर’नंतर घाईचं काही कारण उरलेलं नाही.

मूत्रपिंडाचा उल्लेख उगीच केलेला नाही. कोल्चिसिनची औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी असेल तर ते शरीरात साठत जातं. क्लॅरिथ्रोमायसिन हे छातीच्या संसर्गावरचं प्रतिजैविक आणि इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी कोल्चिसिनची शरीरातली विल्हेवाट रोखून धरतात. आपल्याकडे नायटा, दाद वगैरेंसाठी इट्राकोनॅझोल महिना महिना सर्रास दिलं जातं, आणि त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवायला कुणाला सुचत नाही. रक्तदाबासाठी किंवा छातीदुखीसाठी डिल्टियाझेम, व्हेरापामिल चालू असेल तरीही सावध राहावं लागतं. न थांबणारे जुलाब आणि उलट्या ही पहिली खूण. जिना चढताना मांड्यांत बळ नसणं, हातापायांत मुंग्या येणं, विनाकारण ताप येणं या पुढच्या खुणा. त्या दिसल्या तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

तेव्हा गाउटसाठी घरात पडलेली पट्टी हृदयासाठी म्हणून कुणी परस्पर सुरू करू नये. डॉक्टरांनी ती सुचवली, तर क्रिएटिनिनचा ताजा अहवाल आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी, त्वचेच्या गोळ्यांसकट, त्यांच्यासमोर ठेवावी.